जागा आहे का, असं विचारू नकोस

पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा तू दुपारच्या बसने रावेरहून आलीस आणि हातपाय धुवायच्या आधीच लॅपटॉप उघडलास. "मावशी, हा मेल पाठवू का?" मी वाचला आणि "आधी जेवून घे" एवढंच म्हणाले. तुला वाटलं असेल, मला आवडला. मला तो आवडला नव्हता. पण कळण्याची भाकरी तव्यावरून नुकतीच उतरली होती, तुझा चेहराही उतरलेला होता, आणि भुकेल्या पोटी कुणाला चुका दाखवू नयेत असं माझी आई म्हणायची. म्हणून आता लिहिते आहे.

तुझ्या मेलमध्ये अकरा ओळी होत्या. पहिल्या तीन ओळींत तू कोण, कुठल्या कॉलेजची, कितव्या वर्षाला. पुढच्या चार ओळींत तुला काय काय शिकायची आवड आहे. मग तुला येणाऱ्या भाषांची यादी. आणि शेवटी, "आपल्या कंपनीत इंटर्नशिपसाठी जागा आहे का, कृपया कळवावे." त्या अकरा ओळींतून त्या कंपनीचं नाव काढून दुसऱ्या कुठल्याही कंपनीचं घातलं असतं तरी एक अक्षर बदलावं लागलं नसतं. तुझ्या मैत्रिणीने तर तेच केलं ना? चाळीस जणांना एकच मेल, आणि त्यातल्या काहींना कंपनीच्या नावाच्या जागी रिकामा कंस गेला. त्याचं हसू नको करूस, तिची धडपड खरी आहे. पण तुझा मेल तिच्या मेलपेक्षा वेगळा नव्हता, फक्त एकालाच जाणार होता.

जागा विचारू नकोस. काम दाखव. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, तू वैतागलीस तरी.

का, ते सांगते. २०११ ते २०१९ मी नाशिकला छोटी कंपनी चालवली, गोदामांचा हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर. आम्ही सात जण होतो. त्या आठ वर्षांत पाच इंटर्न घेतले आणि पाचातला एकही जाहिरातीतून आला नाही. जाहिरात एकदाच दिली होती. चार दिवसांत तीनशेच्या वर अर्ज आले. मी चार संध्याकाळी ते चाळत बसले, पाचव्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर बंद पडला, आणि त्या अर्जांकडे परत कधी बघणं झालं नाही. सात-दहा माणसांच्या कंपनीत एचआर नसतो. इंटर्न घ्यायचा म्हणजे त्याला काय काम द्यायचं हे कुणीतरी बसून ठरवायचं, त्याला शिकवायचं, त्याचं तपासायचं. तेवढा वेळ कुणाकडेच नसतो, म्हणून जागा जाहीर होत नाही. पण मागे पडलेली कामं मात्र ढीगभर असतात.

आता तू त्या माणसाला विचारतेस, "जागा आहे का?" तो खरं तेच सांगणार. जागा नाही. कारण जागा नसतेच, कुणीतरी काम घेऊन आलं की ती तिथे तयार होते. तुझा प्रश्नच असा आहे की त्याचं सोपं आणि प्रामाणिक उत्तर "नाही" हेच आहे.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. २००१ साली मी तुझ्याच वर्षाला होते. भुसावळला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून पुण्याच्या एका कंपनीला मेल केला, तुझ्यासारखाच, फक्त आणखी नम्र. चौथ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, सध्या जागा नाही. मी ते छापून घेतलं आणि कितीतरी वर्षं वहीत ठेवलं. आता खरी गोष्ट ऐक. त्या कंपनीचं बिलं करायचं सॉफ्टवेअर माझ्या मामाच्या दुकानात होतं. संध्याकाळी मीच त्यावर बसायचे. मराठी नाव लांब असलं की छापताना जोडाक्षरं फुटायची आणि रकमेचा रकाना खाली सरकायचा. ते कुठे होतं, कितव्या अक्षरानंतर होतं, मला तोंडपाठ होतं. आणि माझ्या मेलमध्ये त्याचा एक शब्द नव्हता. पुढे नोकरीत असताना त्या कंपनीच्या माणसाशी गाठ पडली. तो सहज म्हणाला, त्या उन्हाळ्यात आम्ही एक मुलगा घेतला होता, छपाईत अक्षरं कुठे फुटतात याचा कागद घेऊन आला होता. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मला जे माहीत होतं तेच घेऊन तो गेला होता. मी फक्त जागा विचारली होती.

म्हणून तुझा मेल वाचून मला राग आला. तुझ्यावर नाही, पण आलाच.

कारण जेवताना तू मला काय सांगत होतीस, आठवतं? म्हणालीस, पुण्याच्या ज्या कंपनीला तू मेल करणार होतीस तिच्याच ॲपवर बाबांनी केळीची कटाई नोंदवली तेव्हा घोळ झाला. ॲप विचारतं, माल किती क्विंटल. बाबा शेतात उभे, त्यांना घड मोजता येतात, क्विंटल कसे मोजणार? त्यांनी घडांचा आकडा टाकला, ३००. ॲपने ३०० क्विंटल धरले आणि व्यापाऱ्याने तेवढ्या मालाच्या हिशेबाने गाडीची तयारी केली. तू हे हसत हसत सांगितलंस आणि ताटातली चटणी संपवलीस. पोरी, तो तुझा मेल होता! तो ताटावर सांडून गेलीस आणि लॅपटॉपमध्ये "मला शिकायची आवड आहे" ठेवलंस.

पुण्याच्या त्या फाउंडरला हे दिसत नसणार. त्याच्याकडे फक्त एवढं दिसत असेल की या भागातल्या नोंदींचे आकडे खोटे निघतात, शेतकरी वाढवून लिहितात. त्यांनी वाढवून लिहिलेलं नाही. आपल्याकडे केळीचा माल घड आणि रास यांतच बोलला जातो. रास म्हणजे एका घडाचं सरासरी वजन. बाबा म्हणतात, यंदा बावीसची रास आहे, म्हणजे घडामागे सरासरी २२ किलो. मग ३०० घड गुणिले २२, म्हणजे ६,६०० किलो, म्हणजे ६६ क्विंटल. ॲपमध्ये गेले ३००. साडेचार पट. हे गणित तुझ्या घरातलं शाळेतलं पोरही करेल, पण पुण्यात बसलेल्या माणसाला "रास" हा शब्दच माहीत नसेल तर तो कुठून करणार?

हे काम आहे. हेच दाखव.

पण लगेच मेल लिहायला बसू नकोस, आधी तीन गोष्टी तपास. पहिली, बाबांच्या फोनवरचं ॲप अपडेट कर. तो फोन मी पाहिला आहे, काचेला तडा, जागा भरलेली, अपडेट कधीचे थांबलेले असतील. तू जी चूक दाखवशील ती दोन महिन्यांपूर्वीच सुधारलेली निघाली तर तुझ्या मेलचा जीवच गेला. अपडेट करून पुन्हा नोंद करून बघ आणि ॲपच्या सेटिंगमधला व्हर्जन नंबर लिहून ठेव. दुसरी, एकट्या बाबांवरून निष्कर्ष काढू नकोस. गल्लीतल्या, शेजारच्या शिवारातल्या आठ-दहा जणांना तो रकाना दाखव आणि विचार, इथे तुम्ही काय लिहाल? सुचवू नकोस, फक्त बघ आणि लिहून घे. कुणी घड लिहील, कुणी किलो लिहील, कुणी फोन परत देईल. तिसरी, नवी लागवड म्हणजे नवती आणि जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेली पिलबाग, अशा दोन्ही असलेल्यांना विचार, कारण दोन्हींची रास सारखी येत नाही, आणि एकच सरासरी धरली तर तुझाच उपाय चुकेल. तो रकाना सुधारताना तू दुसरी चूक घालशील आणि ती तुझ्या नावावर जाईल.

मग उपायाचा एक तुकडा कर. एकच. ॲपचं सगळं रूप बदलून दाखवायचा मोह होईल, तो आवर. ॲपचे वीस पडदे, म्हणजे स्क्रीन, काढून पाठवलेस तर वाचणाऱ्याला वाटतं की ही आपलं सगळं काम वाईट आहे म्हणते. एक पडदा काढ: घड किती, रास किती, आणि खाली आपोआप येणारे क्विंटल, बदलता येतील असे. सोबत, आकडा नेहमीपेक्षा फार मोठा असेल तर "नक्की एवढाच माल आहे का?" असं विचारणारी एक ओळ. दोन संध्याकाळींचं काम आहे. त्याहून जास्त फुकट करू नकोस, नोकरीच्या आशेने कुणाचं महिनाभराचं काम आयतं करून द्यायचं नसतं.

ते एका पानावर मांड: चूक, तुझ्या आठ-दहा जणांची नोंद (नावं न घालता), आणि तो पडदा. पान गूगल ड्राइव्हवर ठेवशील तर शेअर करताना `Anyone with the link` निवड आणि मग ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत ती लिंक स्वतः उघडून बघ. माझ्याकडे आलेल्या कितीतरी लिंका परवानगी मागायच्या. मी परवानगी मागत बसले नाही. अनोळखी माणसाने जोडलेली फाइल उघडायला लोक बिचकतात, म्हणून फाइल जोडू नकोस.

आता मेल. फाउंडर तो टेबलाशी नीट बसून वाचत नाही. मी वाचायचे ते चहा उकळेपर्यंत, फोनवर, उभ्याने. फोनवर पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, विषय दिसतो आणि पहिल्या ओळीतले काही शब्द. ते शब्द "आदरणीय महोदय, आपण कुशल असाल अशी आशा" यात गेले की उघडायचं कारणच उरत नाही. आणि तुझ्या खात्यावर नाव काय दिसतं ते बघ. परवा मला तुझा मेल आला तो धाकट्या भावाच्या खेळातल्या टोपणनावाने आला. ते आजच बदल, तुझं पूर्ण नाव घाल.

पाठवशील इंग्रजीत, पण आधी मराठीत लिहून बघ, म्हणजे पोकळ शब्द उघडे पडतील. साधारण असं:

> विषय: रावेरच्या शेतकऱ्यांच्या नोंदी साडेचार पट का येतात
>
> नमस्कार. तुमच्या ॲपमध्ये माझ्या वडिलांनी केळीचे ३०० घड नोंदवले, ते ३०० क्विंटल धरले गेले. खरा माल ६६ क्विंटल होता. आमच्याकडे शेतात वजन नाही, घड मोजतात, म्हणून असं होतं.
>
> तो रकाना मी आणखी दहा शेतकऱ्यांना दाखवला. त्यांनी काय लिहिलं, आणि घड व रास यांवरून क्विंटल काढणारा एक पडदा, या एका पानावर आहे: (लिंक)
>
> मी जळगावला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सहा आठवडे मला हे काम तुमच्यासोबत पूर्ण करायला आवडेल: पडदा बनवणं आणि गावात बसून तो तपासणं. या आठवड्यात पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?

यात "जागा" हा शब्द कुठे आहे? नाही. तू स्वतःच काम ठरवलंस, किती दिवसांचं ते सांगितलंस, कुठून करणार ते सांगितलंस. त्याला फक्त पंधरा मिनिटांना हो म्हणायचं आहे. तारखा परीक्षेचं वेळापत्रक बघून घाल आणि कॉलेजकडून ना हरकत पत्र किती दिवसांत मिळतं ते आधी विचारून ठेव. तिकडून होकार आल्यावर इथे कागद अडकला तर फार वाईट दिसतं.

पत्ता त्यांच्या वेबसाइटवर मिळेल. नाही मिळाला तर प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर संपर्काचा ईमेल दिलेला असतो, आणि एवढ्या लहान कंपनीत तो बहुतेक त्यांच्यातलाच कुणी वाचतो. अंदाजाने पाच पत्ते बनवून पाचही ठिकाणी पाठवू नकोस. आणि वार-वेळ कुठली शुभ, यात डोकं घालू नकोस.

उत्तर नाही आलं तर आठवड्याभराने त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिही, पण काहीतरी नवीन घेऊन: आणखी चार शेतकऱ्यांना विचारलं, त्यातल्या पिलबागवाल्यांची रास कमी निघाली, पान सुधारलं आहे. "माझा मेल पाहिलात का?" असं नुसतं विचारू नकोस. पुन्हा तेच, जागा मागण्याचाच तो दुसरा प्रकार. त्यानंतर थांब.

उत्तर आलं तर ते नीट वाचायला शीक. "रिझ्युमे पाठवा, कळवू" म्हणाला तर रिझ्युमे पाठव आणि दुसऱ्या कामाला लाग. "जूनमध्ये बघू" म्हणाला तर मेच्या शेवटच्या आठवड्यात तूच आठवण द्यायची, तो देणार नाही. पण "रास प्रत्येक कटाईला बदलते का?" असं काही उलट विचारलं, तर दार उघडलं असं समज. त्या दिवशी सगळं सोडून आधी त्याला उत्तर दे.

उत्तर न येण्याबद्दल एक सांगते. मी स्वतः शेकडो मेलना उत्तर दिलेलं नाही. तेव्हा माझ्यावर पगारांचं ओझं होतं, रात्री अकराला गिऱ्हाइकांचे फोन यायचे. कुणाला तुच्छ लेखून नाही, खरोखर उरकत नव्हतं. हे मी तुला सांगते आहे की माझ्या मनाला समजावते आहे, मलाही नक्की सांगता येणार नाही. पण त्या मुलांपैकी कुणाच्या वहीत माझं न आलेलं उत्तर असेल, हे मला माहीत आहे.

पैशांचंही तसंच. माझ्या पहिल्या इंटर्नला मी दोन महिने काही दिलं नाही. शिकवते आहे, तेच पुष्कळ, असं म्हणायचे. त्याने केलेली स्टॉकची यादी आम्ही पुढे सहा वर्षं वापरली. त्याला नंतर पैसे पाठवले, पण वेळेवर दिले असते तर ते वेगळे झाले असते. म्हणून फोनवर काम ठरलं की मानधन किती, हे सरळ विचार. मेलमध्ये नको, फोनवर विचार, पण विचारच. आणि उलट तुझ्याकडूनच कुणी नोंदणीचे, प्रशिक्षणाचे पैसे मागितले तर तिथल्या तिथे फोन ठेव.

तू जाताना दारात म्हणालीस, "मावशी, आपण खेड्यातल्या, ते पुण्यातले, आपल्याकडून त्यांना काय मिळणार?" मी बूट घालत होते म्हणून बोलले नाही. मृगबाग आणि कांदेबाग यांतला फरक, घड आणि रास, कुठल्या रकान्यात तुझ्या बाबांचा अंगठा अडकतो, हे पुण्यातल्या खुर्चीत बसून कळत नाही. ते कळायला त्याला इथे माणूस पाठवावा लागेल आणि तू इथेच आहेस. आणि हे सगळं माहीत असून तू त्याला विचारणार होतीस की जागा आहे का!

बुधवारपर्यंत आठ जणांच्या नोंदी घेऊन ठेव. त्यात पिलबागवाले निदान तीन तरी हवेत, तुझ्या काकांच्या शेजारच्या मळ्यात असतील, त्यांना संध्याकाळी पाणी द्यायच्या वेळेला गाठ. गुरुवारी ये आणि बाबांचा फोन घेऊन ये, त्याची जागा मोकळी करून आधी अपडेट करू. मेल इथूनच पाठवू.

तुझी,
मावशी